मदत हवी आहे: हिट अँड रनची भरपाई 25 हजार की 2 लाख? कायदा लागू झाल्याचं गॅझेट कुठं मिळेल?

निपाणीकर_सचिन
तातडीनं मदत पाहिजे. आमच्या चुलत्यांना हायवेला हत्तरगीजवळ अज्ञात वाहनानं उडवलं, ते गेले. गाडी सापडली नाही, पोलिसांनी सी रिपोर्ट टाकला. भरपाईचा अर्ज वेळेत दिला होता, फाईल लोळत पडली आणि आता मंजुरीचं पत्र आलंय 25 हजारांचं. कायद्यात तर सरळ 2 लाख लिहिलंय. ऑफिसात विचारलं तर "तुमच्या केसला नवीन कायदा लागू नाही, लागू असल्याचं गॅझेट आणा" म्हणायलेत. कर्नाटकच्या राजपत्राच्या साईटवर सगळं धुंडाळलं, काही नाही. कुणाकडं पीडीएफ असेल तर टाका. सोमवारी परत जायचंय.

खानापूरचा_राम
2019 चाच कायदा की. ऑगस्ट 2019 ला राष्ट्रपतींची सही झाली, त्या दिवसापासून कायदा. 2 लाख मिळालेच पाहिजेत, सोडू नका.

मालवाहतूक_बेळगाव
राम, सहीपासून नव्हे. 1 सप्टेंबर 2019 पासून. दंड वाढले तेव्हा आमच्या ट्रकवाल्यांची काय दैना झाली मला माहीत आहे. नंतर आपल्या सरकारनं दंड थोडे कमी केले, ते वेगळं. अपघात त्यानंतरचा असेल तर 2 लाख.

ॲड_सुनंदा
सचिन, मुख्य गोष्टच सांगितली नाही तुम्ही. अपघात कोणत्या तारखेला झाला?

निपाणीकर_सचिन
2022 ला. म्हणजे 2019 च्या नंतरच झाला ना? तारखेचा काय संबंध?

ॲड_सुनंदा
सगळा संबंध तारखेचाच आहे. सही झाली म्हणजे कायदा तयार झाला, सुरू झाला असं नाही. 2019 च्या दुरुस्ती कायद्याचं पहिलंच कलम उघडा. त्याच्या पोटकलम 2 मध्ये म्हटलंय की केंद्र सरकार राजपत्रात जी तारीख जाहीर करेल त्या तारखेला हा कायदा अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा देता येतील. मालवाहतूकवाले म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. दंडाची कलमं 1 सप्टेंबर 2019 ला सुरू झाली. पण हिट अँड रनची भरपाई कलम 161 मध्ये येते, ते प्रकरण 11 मध्ये आहे, आणि हे नवीन प्रकरण 1 एप्रिल 2022 पर्यंत थांबलेलं होतं. तोवर जुनं 161 चालू होतं: मृत्यूला 25 हजार, गंभीर दुखापतीला साडेबारा हजार. म्हणून विचारते, दिवस आणि महिना सांगा.

मालवाहतूक_बेळगाव
अडीच वर्षं थांबवलं? कशासाठी?

ॲड_सुनंदा
नवीन कलमात रक्कम आहे, पण अर्ज कुणाकडं, चौकशी कुणी करायची, पैसे कुठल्या निधीतून, हे योजनेनं ठरवायचं होतं. ती योजना 25 फेब्रुवारी 2022 ला निघाली आणि तीही 1 एप्रिलपासूनच लागू झाली.

खानापूरचा_राम
म्हणजे नियम निघाल्याशिवाय कायदा सुरूच होत नाही, असंच ना?

ॲड_सुनंदा
नाही. इथं सरकारनं दोन्ही एकाच तारखेला जुळवले, एवढंच. नियम आधी काढून ठेवता येतात, पण कलम सुरू होईपर्यंत ते झोपलेले असतात. उलट नियम नसतानाही कलम सुरू असू शकतं. तारीख शोधताना दोन्हींच्या अधिसूचना वेगवेगळ्या बघाव्या लागतात.

चिकोडी_ड्रायव्हर
तो दहा वर्षं जेलचा कायदा लागू झालाय का? आमच्या पोरांना फार भीती आहे.

ॲड_सुनंदा
तुमचा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या 106(2) चा. संहिता 1 जुलै 2024 ला लागू करणारी 23 फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना वाचा, त्यात 106(2) सोडून बाकी तरतुदी असं स्पष्ट लिहिलंय. पुस्तकात कलम छापलेलं असतं, पण त्या अधिसूचनेनं ते सुरू केलेलं नाही. सचिनच्या भरपाईशी याचा संबंध नाही, नवीन धागा काढा.

निपाणीकर_सचिन
मॅडम, गॅझेट कुठं मिळेल ते सांगा आधी.

ॲड_सुनंदा
कर्नाटकच्या राजपत्रात ते मिळणारच नाही. कायदा केंद्राचा, तारीख ठरवणारं केंद्र सरकार, त्यामुळं अपघात हत्तरगीला झाला काय आणि कागलला झाला काय, अधिसूचना एकच.
आधी indiacode.nic.in वर मोटार वाहन कायदा 1988 उघडा. वर Enforcement Date म्हणून 1 जुलै 1989 दिसेल, त्यावर जाऊ नका, ती मूळ कायद्याची तारीख आहे. कलम 161 च्या प्रकरणाची तळटीप बघा. 2019 च्या कायदा क्रमांक 32 नं बदललं आणि w.e.f. 1-4-2022, असं तिथं सापडेल.
तारीख हाताशी आली की egazette.gov.in. असाधारण राजपत्र, रस्ते वाहतूक मंत्रालय, भाग 2, खंड 3, उपखंड (ii). तारीख ठरवणारे आदेश त्या उपखंडात S.O. क्रमांकानं येतात. नियम मात्र उपखंड (i) मध्ये G.S.R. क्रमांकानं येतात. लोक एकाच ठिकाणी दोन्ही शोधतात आणि मिळत नाही म्हणून सोडून देतात. अजून एक, शोधताना 1 एप्रिल टाकू नका. ती अंमलाची तारीख. अधिसूचना फेब्रुवारीतच निघाली, म्हणून फेब्रुवारी आणि मार्च 2022 शोधा.

मालवाहतूक_बेळगाव
ऑफिसवाले नेटची प्रिंट घेत नाहीत. शिक्का मारलेली ओरिजिनल मागतील बघा.

ॲड_सुनंदा
ऑक्टोबर 2015 पासून केंद्राचं राजपत्र कागदावर छापणंच बंद आहे. साईटवरची डिजिटल सहीची पीडीएफ हीच अधिकृत प्रत.

निपाणीकर_सचिन
सापडलं! 1 एप्रिल 2022 च लिहिलंय. पण आता पोटात गोळा आलाय. अपघात 27 मार्च 2022 च्या रात्रीचा. चुलते बेळगावात ॲडमिट होते, 4 एप्रिलला गेले.

खानापूरचा_राम
मृत्यू एप्रिलातला, मग 2 लाख. विषय संपला.

अभ्यासू_शहापूर
नाही संपला. मी मोटार अपघाताच्या केसेस जवळून बघितल्या आहेत. हक्क अपघाताच्या दिवशी तयार होतो, त्या दिवशीचा कायदा लागतो. 27 मार्चला जुनं 161. ऑफिसनं 25 हजार उगाच काढलेले नाहीत.

ॲड_सुनंदा
सर्वसाधारण नियम अभ्यासू सांगतात तोच, आणि ऑफिसची बाजू त्यामुळं भक्कम आहे. पण सचिनकडं एक मुद्दा आहे. कलम पैसे देतं ते अपघातातून झालेल्या मृत्यूबद्दल. मृत्यू होईपर्यंत घरच्यांना मृत्यूची भरपाई मागताच येत नव्हती, आणि मृत्यू झाला तेव्हा नवीन कलम सुरू होऊन तीन दिवस झाले होते. मी असती तर हाच मुद्दा डीसींकडं लेखी मांडला असता.

अभ्यासू_शहापूर
टिकणार नाही असं माझं मत. अपघात आधीचा तो आधीचाच.

निपाणीकर_सचिन
मग 25 हजार घेऊ की नको? घेतले तर हक्क गेला म्हणतील का?

ॲड_सुनंदा
घ्या, पण "वाद राखून स्वीकारतो" असं पोचपावतीवर लिहून सही करा, झेरॉक्स ठेवा. अर्जासोबत अधिसूचना, मृत्यूचा दाखला आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट जोडा. मृत्यू 27 मार्चच्या जखमांमुळेच झाला हे रिपोर्टमध्ये स्पष्ट आहे का, ते आजच वाचून सांगा. तिथं न्यूमोनिया वगैरे काही लिहिलं असेल, तर दवाखान्याची केस शीट आधी काढावी लागेल.