मदत हवी आहे: टाकीच्या सेन्सरला अ‍ॅव्हरेज की मिडियन?

बागायतदार_तासगाव
द्राक्षाच्या ड्रिपसाठी जमिनीतली टाकी आहे. झाकणाला JSN-SR04T लावलाय, ESP32 दर 2 सेकंदांनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. अंतर 260 सेंमीच्या वर गेलं की मोटर बंद. टेपने मोजलं तर आत्ता 210 आहे, पण पंधरात एखादं रीडिंग थेट 480 येतं. म्हणून हे लावलं:

```
y = 0.2*x + 0.8*y
```

तरी मोटर मधेच बंद पडते. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज घेऊ की मिडियन? मिडियनने उशीर झाला आणि मोटर कोरडी चालली तर सील जाईल, ही धास्ती. मोटर चालू असताना पाणी मिनिटाला 2 सेंमी उतरतं.

वायरमन_विटा
0.2 चं 0.05 करा. मग 480 आलं तरी आकडा तेरा-चौदाच हलेल.

बेदाणा_शेड
आमच्या शेडमध्ये आर्द्रतेला दहाचं अ‍ॅव्हरेज आहे, झकास चालतं. मिडियनच्या भानगडीत कशाला पडता?

मिरजेचा_मास्तर
शेडमधली आर्द्रता दोन्ही बाजूंना थोडीथोडी हलते, तिथं अ‍ॅव्हरेजच बरं. इथलं चुकीचं रीडिंग मात्र कायम वरच उडतंय. तुमच्याच सूत्रात घालून बघा: 0.2×480 + 0.8×210 = 264. एका फटक्यात मोटर बंद! दहाच्या अ‍ॅव्हरेजमध्ये एक आलं तर 237, पण दहात दोन आली की तेच 264.

विटेकर, 0.05 ने उडी लहान होते, हे खरं. पण पंधरात एक 270 ने जास्त येतंय, म्हणजे सरासरीच 18 ने वर बसणार. आल्फा कितीही घ्या, तो फरक जात नाही. खरं अंतर 245 च्या आसपास असतानाच मोटर थांबेल आणि पंधराएक सेंमी पाणी वापरायचं राहील.

पाचाच्या मिडियनमध्ये दोन चुकीची आली तरी आकडा जागचा हलत नाही. उशीर दोन रीडिंगचा, म्हणजे 4 सेकंद. तेवढ्यात पाणी दीड मिलिमीटरसुद्धा उतरत नाही. उलट तुमचं 0.2 आत्ताच 8 सेकंद मागे आहे. फक्त क्रम लावायचा तो कॉपीवर लावा. मूळ अ‍ॅरेच सॉर्ट केला तर सगळ्यात जुनं रीडिंग कुठलं तेच कळत नाही आणि भलतंच पुसलं जातं.

बागायतदार_तासगाव
सर, पाचाचं लावलं. एरवी आकडा 210 ला चिकटून आहे. पण मोटर सुरू होताना कच्ची रीडिंग पाहिली तर 480 सलग चार वेळा आलं, आणि मोटर परत बंद.

मिरजेचा_मास्तर
पाचात तीन चुकीची झाली की मिडियनही चुकणारच. नऊचं घ्या, चार पचतील. उशीर 8 सेकंद, तुमच्या टाकीला तो काहीच नाही. पण सलग पाच आली तर तेही हरेल. सेन्सरचा सप्लाय मोटरच्या स्टार्टरजवळूनच घेतलाय का?

बागायतदार_तासगाव
हो, त्याच पेटीतून. पण मोटर सुरू झाली की पाणीही हिंदकळतं, त्यामुळे नक्की कशाने होतंय ते कळेना.

वायरमन_विटा
एकदा सेन्सर पॉवर बँकवर चालवून मोटर सुरू करा. तरीही 480 आलं तर हिंदकळण्याकडे बघा.