श्रावणातला घरचा सत्यनारायण: तुमची तयारी कधी सुरू होते?

गोदाकाठची
आषाढी झाली आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, "गुरुजी सांगितले का गं?" एकदम आई आठवली. पंचवटीतल्या घरी आषाढातच भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल व्हायचा. आधी गुरुजींची वेळ, मग आमंत्रणं, स्वयंपाकाचा विचार सगळ्यात शेवटी. मीही तोच क्रम पाळते, कारण श्रावणात आपल्याला हवा तो रविवार मिळेलच असं नसतं, आणि वेळ ठरल्याशिवाय माणसं नि शिधा काहीच ठरत नाही. तुमच्याकडे कसं असतं? सविस्तर लिहा.

सुजाता_सिडको
आमच्याकडे पौर्णिमेलाच. दुसऱ्या दिवशी चालत नाही म्हणतात.

अनंतकाका
सुजाताताई, पौर्णिमा उत्तमच, पण कथेतच 'यस्मिन् कस्मिन् दिने' आहे, म्हणजे कुठल्याही दिवशी. आणि वेळ 'निशामुखे' सांगितली आहे, म्हणजे संध्याकाळ. श्रावणात गुरुजींच्या सकाळी एकामागून एक पूजा असतात, सोमवारी कित्येक जण त्र्यंबकला असतात. संध्याकाळ मागितली की लवकर होकार मिळतो, आणि नोकरीवाले पाहुणेही येतात. तारीख पक्की करताना एकादशी नि संकष्टी मात्र बघा. एकादशीला निम्मी पंगत उपाशी, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कोणी जेवत नाही.

निलेश_गंगापूररोड
आम्हाला वास्तुशांत करायची आहे, फ्लॅटमध्ये हवनाचा धूर होतो, सोसायटी चालवून घेईल का?

गोदाकाठची
निलेश, त्याला वेगळा धागा काढा ना, तिथे सांगतील. अभिनंदन नव्या घराचं!

मीनल
मोबाईलवरून लिहितेय, कुकर लावलाय. आमंत्रणात 'तीर्थप्रसादाला या' आणि 'जेवायला या' यात खूप फरक पडतो. 'सायं. ७ ते ९ तीर्थप्रसाद' लिहिलं की लोक दर्शन घेऊन, शिरा खाऊन जातात. नुसतं 'सहकुटुंब या' लिहिलं तर काही जण घरी जेवून येतात, काही उपाशी. आठवडाभर आधी मेसेज, आदल्या दिवशी ज्येष्ठांना फोन. आमच्या मामेसासूबाईंना मेसेज चालत नाही, घरी जाऊन अक्षत द्यावी लागते, त्यांच्याकडचे लाडू मात्र अप्रतिम. अरे, शिट्टी झाली.

सुजाता_सिडको
काका, धन्यवाद, घरी सांगते. शिऱ्याला आम्ही सगळं सव्वा घेतो, रवा, साखर, तूप, दूध, सव्वा सव्वा किलो.

वैशाली_मावशी
सुजाता, रवा-साखर-तूप बरोबर. पण सव्वा किलो रव्याला सव्वा लिटर दूध पुरत नाही गं, दाणा टचटचीत राहतो. सव्वा दुधाचा, वर साधारण तेवढंच उकळतं पाणी. माझं संध्याकाळचं गणित असं: पूजा ५ ला, नैवेद्य साधारण साडेसहाला. चार वाजता सोवळ्यात तुपावर रवा मंद आचेवर भाजायला घ्यायचा. एवढ्या रव्याला घरच्या शेगडीवर अर्धा तास लागतोच, घाई केली की खालचा करपतो नि वरचा कच्चा. गुरुजी बसले की दूध-पाणी उकळत ठेवायचं. ते ओतून झाकण, दाणा फुलला की मगच साखर. साखर आधी पडली तर दाणा फुलतच नाही. बोटात दाबून बघा, मध्ये कडक कणी लागली तर अजून थोडं गरम दूध. केळी त्याआधी तुपात परतून घ्या, आणि दोन दिवस आधी अर्धवट पिवळी आणा. एवढ्यात वाटीवाटीने शंभर जणांना प्रसाद होतो.

निलेश_गंगापूररोड
आमच्या आजी केळं शेवटी घालायच्या, शिजवायच्या नाहीत.

वैशाली_मावशी
असंही करतात. आमच्याकडे तसं काळं पडतं, तुमच्या आजींचं पडत नसेल.

गोदाकाठची
मावशी, किती छान लिहिलंत! साहित्याचं एक सांगते. गुरुजींची यादी त्यांच्याकडूनच घ्या, दुकानातल्या तयार पुड्यात विड्याची पानं, तुळस, केळीचे खुंट नसतात. ते आदल्या दिवशी. फुलं त्याच दिवशी सकाळी, श्रावणात ओली असतात नि रात्रीत काळवंडतात.

अनंतकाका
पुढच्या वर्षीचं आत्ताच लक्षात ठेवा. २०२७ मध्ये सिंहस्थाची पहिली दोन अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्टला आहेत, म्हणजे सगळा श्रावण मधे. पंचवटीत गाडी नेणं अवघड होईल, गुरुजीही रामकुंडावर गुंतलेले असतील. नाशिकबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधी सांगा.

मीनल
बापरे, खरंच की. आमच्या दिरांना कळवते.
बाकी, सोयर-सुतक आलं तर? मागच्या वर्षी आमच्याकडे आमंत्रणं गेल्यावर तसं झालं, सासूबाई फार हळहळल्या.

सुजाता_सिडको
अगं, किती वाईट वाटलं असेल त्यांना. आमच्याकडे सुतक संपल्यावर पुढच्या पौर्णिमेला केली.

मीनल
हो गं. यंदा तरी होऊ दे. इंदिरानगरच्या बाजूला केळीचे खुंट कुणाच्या अंगणात मिळतील का? चार हवेत.