मदत हवी आहे: इफेक्टिव्ह पोटेन्शियलच्या ग्राफमध्ये खड्डाच येत नाही

मलप्रभाकाठ (रात्री 9:12)
सेंट्रल फोर्सचा प्रॉब्लेम अडलाय. पृथ्वीच्या केंद्रापासून 10,000 किमीवर सॅटेलाइट आहे, वेग 7 किमी/सेकंद. ऑर्बिट सर्क्युलर, एलिप्टिकल की अनबाउंड, ते इफेक्टिव्ह पोटेन्शियल काढून ठरवायचं. पुस्तकात ग्राफला खड्डा दाखवलाय, माझा ग्राफ सरळ खालीच जातो. तीन वेळा काढला. सोमवारी इंटर्नल आहे. कुणीतरी लवकर सांगा, चूक कुठं होते.

तारवाला_खानापूर
इफेक्टिव्ह म्हणजे आर.एम.एस. बघ. घरात 230 व्होल्ट येतात ती इफेक्टिव्ह व्हॅल्यू, पीकला साधारण 325 असतात. पीकला रूट दोननं भागायचं, झालं. ग्राफ खाली जातो म्हणजे तू साइन वेव्हचा अर्धाच भाग काढलेला असणार.

मलप्रभाकाठ
दादा, हे मेकॅनिक्स आहे, करंटचं नाही.

चिकोडीचा_पोरगा
ग्राफ काढत बसायची गरजच नाही. एनर्जी काढ. निगेटिव्ह आली तर एलिप्स, शून्य आली तर पॅराबोला, पॉझिटिव्ह आली तर हायपरबोला. एका किलोमागं 24.5 वजा 39.86, म्हणजे -15.36. निगेटिव्ह, एलिप्स. पुढचा प्रॉब्लेम घे.

निपाणीकर_सर
थांबा जरा. मलप्रभाकाठ, दोन गोष्टी सांग. वेगाची दिशा कुठली दिलीय? आणि इफेक्टिव्ह पोटेन्शियल आणलंस कसं, म्हणजे कुठल्या समीकरणातून? शेवटची ओळ नको, पहिली ओळ टाक.

मलप्रभाकाठ
दिशा त्रिज्येला लंब. तो (अ) भाग. (ब) मध्ये तोच वेग, पण आडव्या दिशेच्या वर 30 अंशांत. सर, लॅग्रांजियनवरूनच काढलं, वर्गात तेच झालंय. m काढून टाकलाय:

```
L = (1/2) rdot^2 + (1/2) r^2 thdot^2 + GM/r
thdot = h/r^2
L = (1/2) rdot^2 + h^2/(2 r^2) + GM/r
V_eff = -h^2/(2 r^2) - GM/r
```

कोनीय संवेग h कायम राहतो, म्हणून thdot च्या जागी घातला. यात चुकीचं काय आहे?

कोनिकप्रेमी_बेळगाव
एवढं सगळं कशाला? e² = 1 + 2Eh²/(GM)². शून्य आलं की वर्तुळ, एकाच्या आत आलं की लंबवर्तुळ, एक किंवा जास्त आलं की सुटलं. मी एम.एस्सी.ला सगळे प्रॉब्लेम ह्याच एका ओळीवर सोडवले. ग्राफ काढण्यात पेपरमधली दहा मिनिटं जातात.

निपाणीकर_सर
कोनिकप्रेमी, सूत्र बरोबरच आहे. पण तिनं सूत्र विचारलेलं नाही. खड्डा का येत नाही, हे विचारलंय.

मलप्रभाकाठ, चूक तिसऱ्या ओळीत आहे. नवीन शिकणाऱ्यांच्या वहीत मी ती इतक्या वेळा पाहिलीय की तुझा ग्राफ खाली जातो म्हटल्यावरच शंका आली होती. लॅग्रांजियनचं r बद्दल डेरिव्हेटिव्ह घेताना thdot धरून ठेवायचा असतो. (1/2)r²·thdot² चं डेरिव्हेटिव्ह r·thdot² येतं, म्हणजे h²/r³, बाहेरच्या दिशेनं. तू आधीच h घातलास. मग डेरिव्हेटिव्ह घेताना h स्थिर धरला गेला आणि h²/(2r²) चं डेरिव्हेटिव्ह आलं -h²/r³. तोच आकडा, पण चिन्ह उलटं. बाहेर ढकलणारी गोष्ट तुझ्याकडं आत ओढणारी झाली. आत ओढणाऱ्या दोन गोष्टी एकत्र केल्यावर खड्डा कुठून येणार?

आधी इक्वेशन ऑफ मोशन काढ, h नंतर घाल. नाहीतर सरळ एनर्जीत घाल:

```
E = (1/2) rdot^2 + h^2/(2 r^2) - GM/r
```

एनर्जी ही किंमत आहे, तिच्यात thdot च्या जागी h घातला तरी किंमत बदलत नाही. लॅग्रांजियनमधूनच जायचं असेल तर आधी h·thdot वजा करावं लागतं. त्याला राउथियन म्हणतात. ते तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच असं नाही.

मलप्रभाकाठ
पण सर, दोन्हीकडं h चीच किंमत घातली. एकीकडं चालतं आणि एकीकडं नाही, हे अजून पटत नाही.

निपाणीकर_सर
मग तुझ्याच ग्राफवर तपास. 10,000 किमीवर तुझं V_eff किती येतं?

मलप्रभाकाठ
h = 70,000. म्हणजे -24.5 आणि -39.86 मिळून -64.36. E तर -15.36.

निपाणीकर_सर
आता rdot काढ.

मलप्रभाकाठ
rdot² = 2 × (-15.36 + 64.36) = 98. rdot 9.9 किमी/सेकंद.
अरे! एकूण वेगच 7 आहे. आणि तो त्रिज्येला लंब दिलाय, म्हणजे rdot शून्य यायला पाहिजे होता.
प्लसचं चिन्ह घेतलं की V_eff = 24.5 - 39.86 = -15.36, अगदी E एवढंच. rdot शून्य.

चिकोडीचा_पोरगा
rdot शून्य आला ना? मग ते वर्तुळच की. मघाशी मी घाईत एलिप्स म्हटलं.

निपाणीकर_सर
नाही रे बाळा, मघाचं बरोबर होतं. rdot एका क्षणी शून्य असणं म्हणजे वळणाचा बिंदू. लंबवर्तुळावर असे दोन बिंदू असतात, पेरिजी आणि अपोजी. वर्तुळ व्हायचं तर खड्ड्याचा तळ तिथंच यायला पाहिजे, म्हणजे rddot सुद्धा शून्य.

इथं बघ. बाहेरचा ढकल h²/r³ = 0.0049 किमी/सेकंद². पृथ्वीची ओढ GM/r² = 0.003986. बाहेरचा जास्त आहे, म्हणून सॅटेलाइट इथून लांब सरकणार. ही पेरिजी आहे. 10,000 किमीवर वर्तुळ हवं असेल तर वेग 6.31 पाहिजे, आणि तोही लंबच. वेग 6.31 पण तिरका असला तरी वर्तुळ होत नाही.

मलप्रभाकाठ
खड्ड्याचा तळ काढला सर. r = h²/GM = 12,293 किमी, तिथं V_eff = -16.21. माझी E -15.36, तळापासून थोडीच वर. E ची आडवी रेघ ग्राफला 10,000 वर आणि 15,950 वर कापते. पुस्तकातलं चित्र आत्ता कळलं. त्या दोन भिंतींच्या मध्येच r हलतो.

कोनिकप्रेमी_बेळगाव
माझ्या सूत्रानं e = 0.23 येतो, एका मिनिटात. तुम्हाला अर्धा तास लागला.

निपाणीकर_सर
मिनिटात आलं, मान्य. पण तुमचं सूत्र फक्त 1/r पोटेन्शियलला चालतं. त्यात 1/r³ ची छोटीशी टर्म मिळवा. E निगेटिव्ह असेल, खड्डा राहील, दोन भिंती राहतील, पण ऑर्बिट बंद होणार नाही, पेरिजी हळूहळू फिरत राहील. प्रत्येक बाउंड ऑर्बिट बंद होते अशी बलं दोनच, इन्व्हर्स स्क्वेअर आणि स्प्रिंगचं. बर्ट्रँडनं 1873 मध्ये दाखवलंय. चिकोडीच्या पोरानंही हे लक्षात ठेवावं. E निगेटिव्ह म्हणजे इथं बाउंड एवढंच कळतं, लंबवर्तुळ हे पृथ्वीच्या 1/r मुळं.

कोनिकप्रेमी_बेळगाव
सर, पेपरमध्ये कुणी 1/r³ विचारत नाही. पोरं पास व्हायला बसलीत.

निपाणीकर_सर
आमच्या वेळी विचारलं होतं. असो.

तारवाला_खानापूर
मला एक सांगा, डिशवाला सॅटेलाइट आकाशात एका जागी कसा थांबतो? डिश बसवायला गेलो की गिऱ्हाईक नेहमी विचारतं.

निपाणीकर_सर
तो केंद्रापासून साधारण 42,164 किमीवर, विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ वर्तुळात फिरतो. म्हणजे ह्याच खड्ड्याच्या तळाशी. तिथं एक फेरी पृथ्वीच्या फेरीएवढाच वेळ घेते, म्हणून थांबल्यासारखा दिसतो.

मलप्रभाकाठ
सर, (ब) करूलाय. अंदाजानं वाटलं होतं वेग तोच, एनर्जी तीच, मग उत्तर तेच. पण h बदलतो. 70,000 गुणिले cos 30, म्हणजे 60,622. खड्डा आत सरकतो आणि खोल होतो, तळ 9,220 किमीवर -21.62. E ची रेघ तिथंच, -15.36 वर. त्यामुळं भिंती लांब लांब गेल्या, बाहेरची 19,955 वर आणि आतली 5,995 वर.

पण पृथ्वीची त्रिज्याच 6,371 आहे!

निपाणीकर_सर
शाब्बास. तिरका मारल्यामुळं आधी वर चढेल, 19,955 पर्यंत जाईल, परत येईल आणि आतल्या भिंतीला पोचायच्या आधीच जमिनीला लागेल. फक्त एनर्जी बघितली असती तर हे दिसलं नसतं.

चिकोडीचा_पोरगा
तरी उत्तर 'एलिप्टिकल' असंच लिही. प्रश्नात सर्क्युलर, एलिप्टिकल, अनबाउंड एवढंच विचारलंय. जमिनीवर आपटलं लिहिलंस तर मार्क कापतील.

निपाणीकर_सर
एलिप्टिकल लिही आणि खाली एक ओळ जोड, पेरिजी पृथ्वीच्या आत येते म्हणून पहिली फेरी पुरी होत नाही. तपासणारा कोण येईल ते आपल्या हातात नाही, पण त्या ओळीला मार्क कापण्याचं कारण मला दिसत नाही.

कोनिकप्रेमी_बेळगाव
मी असतो तर फक्त एलिप्टिकल लिहिलं असतं. प्रश्नात पृथ्वीची त्रिज्या दिलीय का?

मलप्रभाकाठ
नाही दिली. मला पाठ होती.
(क) मध्ये वेग 9 किमी/सेकंद आहे आणि दिशाच दिलेली नाही. E = 40.5 - 39.86, पॉझिटिव्ह. सुटायला 8.93 पुरतो, म्हणजे अनबाउंड. दिशा न देता चालतं का सर?

निपाणीकर_सर
चालतं. E ची रेघ शून्याच्या वर गेली की उजवीकडं तिला अडवणारी भिंत राहत नाही. दिशेनं h बदलतो, म्हणजे डावी भिंत किती आत आहे एवढंच बदलतं. आत्ता तू (ब) मध्ये जे पाहिलंस तेच इथंही बघ. वेग पृथ्वीकडं रोखलेला असला तर डावी भिंत कुठं येते?

मलप्रभाकाठ
म्हणजे अनबाउंड असूनही आपटू शकतो. बघते, कुठल्या कोनापासून आपटतो ते काढता येईल असं वाटतं. डावी भिंत 6,371 ला ठेवून h काढते.

तारवाला_खानापूर
सर, 42,164 वहीत लिहून घेतलं. गिऱ्हाइकाला जमिनीपासून किती सांगायचं?

निपाणीकर_सर
विषुववृत्ताजवळची त्रिज्या 6,378 वजा करा. जमिनीपासून साधारण 35,786 किमी.