सल्ला हवा: १०० मीटर फायनलचा ‘भाव’ काढायचा कसा?

धावपट्टी_सोलापूर

नमस्कार मंडळी. पार्क मैदानावर सकाळी पळायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये मोठ्या स्पर्धांच्या वेळी अंदाजाचा खेळ चालतो. पैशाचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जिंकणाऱ्याला शेंगाचटणीचा पुडा आणि वर्षभर मिरवायचा हक्क, एवढंच. फायनलमधल्या आठही जणांचे भाव मी आधी लावतो, मग प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. घेतलेला जिंकला तर त्याचा भाव तेवढे गुण. आता नागोयाच्या आशियाई स्पर्धा येतायत, त्यासाठी तयारी करतोय.

आतापर्यंत मी मोसमातली सर्वोत्तम वेळ बघायचो, मधल्या लेनला थोडं झुकतं माप द्यायचो आणि मोठ्या फायनलमध्ये कोण ढेपाळतं ते आठवून आकडे टाकायचो. पण ग्रुपमधले दोन-तीन हुशार गडी दरवेळी माझ्या चुकलेल्या भावावर नेमकं बोट ठेवून गुण उचलतात. या तीन गोष्टींना किती वजन द्यावं? एखादी रीत आहे का?

मधली_लेन

एवढं काय अवघड आहे त्यात? सरळ वेळ बघायची, ज्याची सगळ्यात कमी त्याला सगळ्यात कमी भाव. आणि लेन ४-५ वाल्याला अजून थोडा कमी. १०० मीटरचे विजेते कुठल्या लेनमधून येतात ते बघा, बहुतेक मधल्याच. दोन्ही बाजूला जोरात पळणारे असले की माणूस ओढला जातो. वेळ आणि लेन एवढं बास आहे, बाकी सगळं नशीब.

जुळे_सोलापूरकर

बरं झालं लेनचा विषय निघाला. माझा पुतण्या जिल्हा शालेय स्पर्धेत २०० मीटर पळाला, त्याला पहिली लेन दिली होती. १०० मीटरला स्टॉपवॉचवर ११.१ काढणारा पोरगा २०० ला चौथा आला. हा अन्यायच की नाही? तक्रार करता येते का?

वारामापक

जुळेकर, तुमच्याकडे येते, आधी मूळ प्रश्न.

‘मधली लेन’ यांचं निरीक्षण खरं आहे, कारण उलटं आहे. लेन चिठ्ठीनं निघते, पण चिठ्ठ्या गटागटानं टाकतात. सेमीफायनलमध्ये जे चार वरचे ठरतात त्यांच्यातच मधल्या चार लेन वाटल्या जातात, उरलेले कडेला जातात. म्हणजे मधली लेन वेगवान माणसाकडे जाते, लेनमुळे तो वेगवान होत नाही. तुम्ही सेमीची वेळ एकदा धरली आणि वर मधल्या लेनचं माप दिलं, की एकच गोष्ट दोनदा मोजली. सरळ १०० मीटरमध्ये मी लेनला शून्य वजन देते.

आता वेळ. पॅरिस ऑलिंपिक २०२४ ची पुरुषांची फायनल घेऊ, कारण तिथं साधी यादी फसवते. मोसमातली सर्वोत्तम वेळ किशेन थॉम्पसनची ९.७७, नोआ लाइल्सची ९.८१. यादीत चार शतांशांचा फरक. पण थॉम्पसनच्या ९.७७ ला पाठीमागून ०.९ मीटर वारा होता आणि लाइल्सच्या लंडनच्या ९.८१ ला समोरून ०.३. सेकंदाला एक मीटर वारा म्हणजे साधारण पाच शतांश, असं धरून दोघांना बिनवाऱ्यावर आणा. थॉम्पसन ९.८१ ते ९.८२, लाइल्स ९.७९ ते ९.८०. चार शतांशांची आघाडी गेली, उलट लाइल्स किंचित पुढे.

उंचीचंही तेच. केनियाच्या ओमन्यालानं त्याच मोसमात नैरोबीत ९.७९ काढली होती. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवर आहे, तिथली विरळ हवा वेळ कमी करते. पॅरिसमध्ये तो सेमीतच बाहेर पडला. यादीवरून भाव लावणाऱ्यानं त्याला पदकाच्या रांगेत बसवलं असतं.

शिवाय सर्वोत्तम वेळ म्हणजे त्या माणसाचा एकच सर्वात चांगला दिवस. पंधरा वेळा पळणाऱ्याला असा दिवस मिळायची संधी पाच वेळा पळणाऱ्यापेक्षा जास्त. म्हणून मी वारा काढून टाकलेल्या सर्वोत्तम तीन वेळांची सरासरी घेते आणि ती फायनलची अपेक्षित वेळ धरते.

धावपट्टी_सोलापूर

ताई, लेनचं डोक्यात शिरलं. दोनदा मोजण्याचा घोळ मी दरवर्षी घालत होतो बहुतेक. पण सरासरीवरून भाव कसा काढायचा? लाइल्स ९.८३ आणि कर्ली ९.८७ असेल तर चार शतांशांचं गुणांत काय होतं?

वारामापक

मोबाईलच्या शीटमध्ये होतं. आठ जणांसाठी आठ रकाने, प्रत्येकात हे सूत्र, त्या माणसाची सरासरी टाकून:

```
=NORM.INV(RAND(), 9.83, 0.05)
```

शेवटचा आकडा म्हणजे त्याची वेळ एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी किती इकडेतिकडे होते ते. ०.०५ ही माझी सोय आहे, तुम्ही प्रत्येकाच्या वेळा बघून ठरवा. हजार ओळी खाली ओढा, प्रत्येक ओळीत सगळ्यात कमी वेळ कोणाची ते मोजा. हजारपैकी ३२० वेळा लाइल्स आला तर त्याची शक्यता ३२ टक्के, भाव १०० भागिले ३२, म्हणजे ३.१. हजार ओळींवर हा आकडा दीड टक्का वरखाली होतोच, म्हणून दशांशावर भांडू नका.

पॅरिससाठी मी असं धरलं होतं. लाइल्स आणि थॉम्पसन दोघेही ९.८३, थॉम्पसनला वर ओढलं ते त्याच्या सेमीच्या ९.८० मुळे. कर्ली, सिंबाइन, सेव्हिल ९.८७. तेबोगो ९.९०, जेकब्स आणि बेडनारेक ९.९१. उत्तर आलं: पहिले दोघे प्रत्येकी ३२ टक्के, मधले तिघे साडेनऊच्या आसपास, तेबोगो साडेतीन, शेवटचे दोघे दोन-दोन. भाव ३.१, मग १०.४, शेवटी ५० च्या जवळ. बघा, चार शतांशांनी भाव तिपटीनं वाढला. तुमच्या ग्रुपमधले हुशार गडी बहुतेक इथंच गुण उचलत असणार.

प्रत्यक्षात दोघेही ९.७९, हजारांशात लाइल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९. मी धरल्यापेक्षा सगळेच वेगात पळाले, त्या दिवशी पाठीमागून एक मीटर वाराही होता. पण वारा सगळ्यांना सारखाच, त्यामुळे भाव बदलत नाही.

सात_रस्ता

सगळं ठीक, पण माणूस यंत्र आहे का? सेव्हिल बघा. जागतिक स्पर्धेत २०२२ ला चौथा, २०२३ ला चौथा, पॅरिसच्या सेमीत ९.८१ काढून लाइल्सला मागं टाकलं आणि फायनलमध्ये ९.९१ नं शेवटचा. दबाव घेता येत नाही असले गडी असतात. माझ्या हिशोबात असल्यांचा भाव डबल.

मधली_लेन

+१. आणि लाइल्ससारख्याचा अर्धा. २०२३ चा विश्वविजेता होता, मोठा मंच दिसला की तो खुलतोच.

वारामापक

सात रस्ता, हाच सेव्हिल २०२५ ला टोकियोत ९.७७ नं विश्वविजेता झाला. पॅरिसवरून भाव डबल केला असता तर तो त्या दिवशी ज्यानं घेतला त्याला तुम्ही दुप्पट गुण वाटले असते.

अडचण अशी की मोठ्या फायनली वर्षाला एकच. तीन-चार धावांवरून ‘हा ढेपाळतो’ म्हणणं म्हणजे चार सामन्यांवरून फलंदाजाची सरासरी ठरवणं. मी फायनलचा इतिहास सरासरीत मिसळते, पण जपून. समजा एखादा माणूस फायनलमध्ये अपेक्षेपेक्षा सहा शतांश हळू पळतो असं तीन फायनलींवरून दिसलं, तर मी त्यातला एक-दोन शतांशच धरते. बाकी योगायोग समजते.

आणि खरा चकवा पुढं आहे. ‘बेभरवशाचा’ म्हणून तुम्ही त्या माणसाचा ०.०५ चा आकडा ०.०७ केलात, तर जिंकायची शक्यता कमी होत नाही, वाढते. आठ जणांत पहिलं यायला चांगला दिवस लागतो आणि ज्याची वेळ जास्त हलते त्याला फार चांगले दिवसही जास्त मिळतात. शीटमध्ये करून बघा. उलट सिंबाइन घ्या. रिओत पाचवा, २०१७ ला पाचवा, २०१९ ला चौथा, टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा, २०२२ ला पाचवा आणि पॅरिसमध्ये ९.८२ काढूनही चौथा. याच्याइतका भरवशाचा माणूस नाही, पण भरवसा म्हणजे विजय नव्हे. पहिल्या पाचात येण्याचा भाव लावायचा असता तर मी त्याला अगदी कमी दिला असता. जिंकण्याचा भाव मात्र वाढवला असता.

एक वेगळी गोष्ट मात्र सगळ्यांना लावते: धाव पूर्णच न होणं. एका फॉल्स स्टार्टला थेट बाहेर. २०११ ला दाएगूच्या फायनलमध्ये बोल्टचं तेच झालं, २०२५ च्या फायनलमध्ये तेबोगोचं. प्रत्येकाच्या शक्यतेतून थोडं कापते, मांडीला पट्टी बांधून सेमी पळालेल्याचं जास्त.

धावपट्टी_सोलापूर

हे करून बघितलं ताई. ०.०७ केल्यावर आकडा खरंच वाढला. डोकं गरगरलं बे.

सात_रस्ता

सेव्हिलचं मान्य. पण मग सेमीचं वजन किती? सेमी दोन तासांपूर्वीची ताजी धाव असते, जूनमधल्या वेळेपेक्षा मी तिलाच दुप्पट मानेन.

वारामापक

त्यावर माझं पक्कं मत नाही. काही जण शेवटचे २० मीटर सोडून देतात, त्यांची वेळ फसवी. काही जण तिथंच सगळं ओततात आणि फायनलला पाय रिकामे. व्हिडिओ बघून ठरवते, आणि तेव्हा मीही माझ्या आवडत्या धावपटूच्या बाजूनं झुकते.

सात_रस्ता

मग झालं की! एवढी शीट करून शेवटी डोळ्यावरच.

वारामापक

थोडंफार, हो.

जुळेकर, तुमचं. २०० मीटरला लेनचा फरक पडतो. वळण आहे आणि पहिल्या लेनचं वळण सगळ्यात घट्ट, साधारण ३६.५ मीटर त्रिज्येचं. बाहेरच्या लेनला ते सैल होतं. म्हणून मोठ्या स्पर्धांत आठ लेनच्या ट्रॅकवर २०० च्या फायनलला वरच्या तिघांना ५, ६, ७ देतात, खालच्या दोघांना १ आणि २. उंच, जड पोराला पहिली लेन जास्त बाधते. पण स्टॉपवॉचवरच्या ११.१ ला ०.२४ मिळवा, कारण हात पिस्तुलाचा धूर बघून बटण दाबतो आणि तेवढा उशीर होतो. ती वेळ ११.३४ झाली. बाकीच्यांच्या वेळा कशावर मोजल्या होत्या?

जुळे_सोलापूरकर

त्या पण स्टॉपवॉचवरच. वेगवेगळ्या गुरुजींच्या हातातल्या. म्हणजे आमच्या गुरुजींचा अंगठा जोरात होता म्हणायचा का? बरं, पण पहिली लेन त्याला कोणी आणि का दिली, ते नाहीच कळलं.

धावपट्टी_सोलापूर

जुळेकर, पुतण्याला पार्कवर पाठवा, आम्ही पळवतो त्याला.

ताई, एकच शेवटचं. नागोयात अनिमेष कुजूर उतरला तर २०० चा भाव लावताना लेन किती शतांश धरू? २०२५ मध्ये गुमीला त्यानं २०.३२ काढली होती, तिथून सुरुवात करतोय.

वारामापक

आधी त्या धावेचा वारा आणि लेन बघा, मग बोलू. आणि वळणावरच्या वाऱ्याचं गणित सरळ १०० सारखं नाही, ते पाच शतांश तिथं लावू नका.