मदत हवी आहे: वजन स्थिर, कंबर कमी, पण एचबीएवनसी जैसे थे

माझे वय ४४ असून मी ठाण्यात राहते. गेले दहा आठवडे रोज सकाळी उपवन तलावाकाठी पाऊण तास भरभर चालते आणि रात्रीचा भात बंद केला आहे. वजन अर्ध्या किलोनेच उतरले. मात्र श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरून मोजलेली कंबर ९४ वरून ८९ सेंटीमीटरवर आली आहे. चार मजले चढून मिनिटभर थांबल्यावर नाडी पूर्वी १२४ असे, आता १०८ असते. झोपही सलग लागते.

अडचण रक्ततपासणीची आहे. त्याच लॅबमध्ये उपाशीपोटी साखर ११२ वरून १०१ झाली, पण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ६.१ वरच राहिले. हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिनही कमी असल्याने तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मधुमेहाचे औषध नाही. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते आणि लोह भरून निघताना ते आपोआप उतरू शकते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे पुढचा आकडा उतरला, तरी श्रेय चालण्याचे की गोळ्यांचे, हे कळणार नाही.

डॉक्टरांची भेट महिन्याने आहे. ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी सांगावे: हिमोग्लोबिन सुधारेपर्यंत तुम्ही एचबीएवनसीऐवजी काय मोजले, आणि ते पुन्हा किती महिन्यांनी तपासले?