मदत हवी आहे: कथेतला लेखक एडिटिंगला अडकलाय

एक लघुकथा लिहितेय. त्यातल्या लेखकाची अठरा पानी शॉर्टफिल्म आहे, निम्मं शूटिंग झालंय. मधल्या सुट्टीत तो स्क्रिप्ट घट्ट करतो. आत्याचं पात्र काढून टाकतो आणि तिची वाक्यं आईला देतो. कागदावर सुरेख जमतं. (इथपर्यंत माझाच अनुभव.)

घोळ स्वयंपाकघरातल्या सीनमध्ये. तो आधीच शूट झालाय. आत्या डावीकडे पाटावर, आई उजवीकडे ओट्याशी. मुलगा उत्तर देताना डावीकडे बघतो. आता प्रश्न आई विचारणार, म्हणजे त्याची नजर चुकते. एडिटर मुलाचा क्लोजअप उलटा करून बघतो. नजर जुळते, पण शर्टाचा खिसा उजवीकडे जातो आणि मागचं कॅलेंडर आरशातल्यासारखं उलटं दिसतं.

तेवढा क्लोजअप पुन्हा घ्यावा तर पोराने मिशी काढलीय.

एडिटिंग करणाऱ्यांना विचारायचंय, अशा वेळी तुम्ही खरंच काय करता? मला सुचलेलं असं: मुलाचा पाठमोरा शॉट वापरायचा, ओठ दिसत नाहीत म्हणून त्यावर नवीन वाक्य डब करायचं, आणि मध्ये आईच्या भाजी चिरणाऱ्या हातांचा इन्सर्ट नव्याने घ्यायचा. बांगड्या त्याच हव्यात, एवढंच. पण ज्या मोठ्या शॉटमध्ये आत्या ढळढळीत बसलेली दिसते, त्याचं काय? तिला गप्प बसलेली शेजारीण म्हणून खपवता येईल का, की लेखकाने निमूट जुनं पान परत आणावं?