‘दुबार ओळी’ म्हणावं का? (405 पावत्यांच्या 1158 झाल्या त्याची गोष्ट)

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात आमच्या मंडळाची तीन वर्षांची वर्गणी एक्सेलमधून उचलून डेटाबेसमध्ये घातली आणि पुढच्या खजिनदारांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली. टेबलं दोनच: `vargani` म्हणजे फाडलेल्या पावत्या आणि `bank` म्हणजे त्या पावत्यांचे पैसे बँकेत भरल्याच्या नोंदी. दोन्ही जोडून यादी काढली ती अशी:

```
SELECT v.sabhasad, v.rakkam
FROM vargani v
JOIN bank b ON v.pavti_no = b.pavti_no;
```

पावत्या 405, यादीत ओळी 1158. बहुतेक नावं तीन-तीनदा. मी पुस्तिकेत लिहिलं, “टेबलं जोडल्यावर कधीकधी दुबार ओळी येतात.” आमचे मामा जन्मभर कारकुनी केलेले. त्यांनी लाल पेनाने ‘दुबार’ खोडलं. म्हणाले, दुबार म्हणजे दुसऱ्यांदा. दुबार पेरणी, दुबार मतदार. तुझ्याकडे तीनदा आलंय, तर ‘तिबार’ लिही! मला ‘द्विरुक्त’ जड वाटतो. शब्द सुचवा. यादीचं मी बघून घेईन.

रावपुरा_जुना
‘पुनरुक्त’. इतका सरळ शब्द असताना ओढाताण कशाला? ज्या बडोद्यात 1931 साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला, कचेरीच्या एकेका शब्दाला आठ भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडून, त्या गावात आज ‘टेबलं जॉइन केली’ असं लिहायचं हे बघवत नाही. टेबल नव्हे, कोष्टक. जॉइन नव्हे, संयोग.

फतेहगंज_नाका
काका, ‘संयोग’ लिहिलात तर अर्ध्या वाचकांना पुस्तिका वेगळ्याच विषयाची वाटेल.

बाकी आपल्याकडचा शब्द तयारच आहे. शेजारचे गुजराती दुप्पट-दुहेरीला ‘बेवडुं’ म्हणतात. तर ‘बेवड्या ओळी’! माझा पुण्याचा मेहुणा एकदा इथे ‘बेवडी दोरी द्या’ ऐकून दुकानातच हसत सुटला होता. पण दारूतला बेवडासुद्धा तिथूनच आला असणार, दोनदा गाळलेली ती बेवडा. आणि शेतातला बेवडही, आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला.

रावपुरा_जुना
शेतातल्या बेवडाचा दोन या आकड्याशी संबंध जोडायला तुमच्याकडे काही आधार आहे की नुसतं कानाला लागलं म्हणून?

फतेहगंज_नाका
कानाला लागलं म्हणून. शब्द आधी कानालाच लागतात.

इंदूरची_सून
ताई, शब्द राहू दे, आधी यादी दुरुस्त करा. `SELECT` च्या पुढे `DISTINCT` टाका, सगळे डबल उडतात. आमच्या ऑफिसात रोज हेच करतो. आणि शब्द म्हणाल तर इंदुरात आम्ही ‘रिपीट’ म्हणतो, सगळ्यांना समजतं.

दांडियाबाजार
टाकलं. आता 212 ओळी आल्या! मला 405 हव्या होत्या. आधी जास्त, आता कमी.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीतही मेंटेनन्सच्या यादीत हेच झालं होतं. वॉचमनच्या मुलाने एकच फाइल दोनदा चढवली होती. तुमच्या पावत्या कोणीतरी तीनदा भरल्यात. एंटरी करणाऱ्याला धरा.

दांडियाबाजार
भाऊ, एंटरी मीच केली आहे आणि `vargani` मध्ये मोजून 405 च आहेत. `bank` मध्येही एखादी इकडेतिकडे सोडली तर तेवढ्याच.

मांडवीखाली
दांडियाबाजारताई, एक सांगा. तुमचं पावतीपुस्तक दर एप्रिलला पुन्हा 1 पासून सुरू होतं का? आणि कुठल्या वर्षी किती पावत्या फाडल्या?

दांडियाबाजार
हो, दर वर्षी नवं पुस्तक, क्रमांक 1 पासून. 2022-23 ला 120, नंतर 135, नंतर 150. दोन्ही टेबलांत `varsh` नावाचा रकाना आहे.

मांडवीखाली
मग सापडलं. 17 क्रमांकाची पावती तुमच्याकडे तीन आहेत, तीन वर्षांच्या, तीन वेगळ्या माणसांच्या. `bank` मध्येही 17 तीनदा आहे. `ON` मध्ये तुम्ही फक्त क्रमांक जुळवायला सांगितलात, म्हणून 2022-23 ची पावती तिन्ही वर्षांच्या भरण्यांशी जुळली, बाकीच्या दोघीही तशाच. तीन गुणिले तीन, नऊ ओळी. खऱ्या त्यात तीन.

हिशेब करून बघा. 1 ते 120 हे क्रमांक तिन्ही वर्षांत आहेत, त्यांच्या 120 गुणिले 9, म्हणजे 1080 ओळी. 121 ते 135 दोन वर्षांत आहेत, 15 गुणिले 4, म्हणजे 60. 136 ते 150 एकाच वर्षात, त्यांच्या 15. एकूण 1155. तुम्ही 1158 म्हणालात. ते तीन कुठून आले ते नंतर बघू.

यादीचं शेवटचं पान तपासलं असेल तर तिथे सगळं बरोबर दिसलं असणार, कारण 135 च्या पुढचे क्रमांक एकाच वर्षात आहेत.

दांडियाबाजार
अगदी! मी क्रमांकवार लावून शेवटचं पानच तपासलं होतं. म्हणून आठवडाभर मला वाटत होतं की सुरुवातीच्या डेटातच काहीतरी बिघाड आहे.

मांडवीखाली
आता शब्दाकडे येतो, कारण या चुकीची मुळं शब्दात आहेत. तुमच्या 1158 ओळींत एकही ओळ दुबार नाही. `v.sabhasad, v.rakkam` च्या जागी `*` लिहा म्हणजे डोळ्यांनी दिसेल. एकाच बाईंचं नाव तीनदा येईल, पण शेजारी बँकेची तारीख तीन वेगळी आणि वर्षंही तीन वेगळी. तुम्ही बँकेच्या बाजूचे रकाने यादीत मागितलेच नाहीत, म्हणून वेगळेपण झाकलं गेलं आणि ओळी सारख्या दिसल्या. ‘दुबार’ म्हटलं की मनात येतं, एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली, एक खोडून टाकू. मग माणूस `DISTINCT` कडे धावतो. `DISTINCT` ला जे रकाने दिसतात तेवढ्यावर तो सारखं-वेगळं ठरवतो. तीन वर्षं इमानाने 151 रुपये देणाऱ्या सभासदाच्या तीन खऱ्या पावत्या त्याने एक करून टाकल्या. तुमच्या 212 तिथून आल्या.

इंदूरची_सून
पण आमच्याकडे तर `DISTINCT` ने बरोबर येतं...

मांडवीखाली
सूनबाई, तुम्ही नुसती नावांची यादी काढत असाल तर येईलच. कोणाकोणाची वर्गणी आली एवढंच विचारायचं तर `DISTINCT` चालतो, त्यातही दोन सभासद एकाच नावाचे नसले तर. बेरीज घ्यायला गेलात की फसतो. आणि `SUM(DISTINCT rakkam)` तर कधीच नको, त्यात 151 हा आकडा अख्ख्या यादीत एकदाच मोजला जातो.

इलाज अटीतच आहे:

```
JOIN bank b
  ON v.pavti_no = b.pavti_no
 AND v.varsh = b.varsh
```

तरसालीकर
मी म्हणतो `LEFT JOIN` वापरा. त्याने डाव्या टेबलातल्या ओळी जेवढ्या आहेत तेवढ्याच राहतात.

मांडवीखाली
कमी होत नाहीत हे खरं. वाढत नाहीत हे खरं नाही. डावीकडच्या ओळीला उजवीकडे तीन जुळल्या तर `LEFT JOIN` सुद्धा तीनच देणार. तो फक्त न जुळलेलीला टाकून देत नाही.

फतेहगंज_नाका
म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखं झालं की! मुलीची पत्रिका तीन मुलांशी जुळली तर गुरुजी तिन्ही सांगतात. लग्न कोणाशी लावायचं ते गुरुजींच्या कामात बसत नाही.

मांडवीखाली
हे मला पटलं. घोळ ‘जोडणे’ या शब्दात आहे. जोडणे म्हटलं की एकाला एक असं वाटतं, बटणाला काज. इथे जे घडतं ते जुळणं आहे, आणि जुळणारं किती असावं यावर बंधन नाही. शिवाय ताई एक्सेलवरून आल्या आहेत. तिथे `VLOOKUP` अचूक जुळणी शोधायला लावला की पहिली सापडली तिथे थांबतो, बाकीच्या असल्या तरी दाखवत नाही. तेव्हा चूक तिथेही होतीच, पण दिसत नव्हती. 17 क्रमांकाला कोणत्या तरी एकाच वर्षाची तारीख चिकटत असणार.

रावपुरा_जुना
तर मग ‘ओळ’ हा शब्दही सोडा. निकालात येतात त्या जोड्या. “जुळणीतून जादा जोड्या येतात” असं लिहा. निदान मराठी तरी आहे. आणि मूळ तत्त्वाप्रमाणे, म्हणजे अशा डेटाबेसांचा पाया घालणाऱ्या कॉडने 1970 मध्ये जे मांडलं त्याप्रमाणे, कोष्टक हा गणितातला संच असतो आणि संचात एकच गोष्ट दोनदा नसते. हे मला आमच्या नातवाने सांगितलं.

मांडवीखाली
नातवाने बरोबर सांगितलं. एसक्यूएलने मात्र ती शिस्त पाळली नाही, ओळी हुबेहूब सारख्या असल्या तरी ठेवतं. ‘जोड्या’ उत्तम. माझं मत ‘जादा जोड्या’ला.

फतेहगंज_नाका
वहाणांच्या दुकानात शोभेल.

दांडियाबाजार
वर्षाची अट घातली. 406 आल्या! एक अजून जास्त. मामा म्हणतात, बघ, ही मात्र खरी दुबार.

मांडवीखाली
ते जादाचे तीन इथेच आहेत. माझा अंदाज असा: 120 च्या आतल्या कुठल्या तरी एका पावतीचे बँकेत दोन भरणे असतील. मग त्या क्रमांकाच्या 3 गुणिले 3 ऐवजी 3 गुणिले 4, म्हणजे 12 ओळी येतात. 1155 मध्ये तीन वाढल्या, झाल्या 1158. हे चालवून बघा:

```
SELECT varsh, pavti_no, COUNT(*)
FROM bank
GROUP BY varsh, pavti_no
HAVING COUNT(*) > 1;
```

टेबलं जोडण्याच्या आधीच दोन्ही बाजूंना हे चालवायची सवय लावा. अटीत जे रकाने घालणार तेच `GROUP BY` मध्ये घालायचे. एकही ओळ आली नाही तर त्या बाजूने वाढ होणार नाही.

दांडियाबाजार
सापडली! 2023-24, पावती 52. रक्कम 1001. निम्मी रोख आली ती लगेच भरली, निम्म्याचा चेक होता तो महिन्याने भरला. म्हणजे बँकेच्या दोन्ही नोंदी खऱ्या. पण माझ्या यादीत 1001 दोनदा आलं आणि बेरीज 1001 ने जास्त.

मांडवीखाली
अट आता पुरी आहे, हिला दोष नाही. पावतीची रक्कम हवी असेल तर आधी `bank` ची पावतीवार एकेक ओळ करून घ्या आणि मग जोडा. किंवा पैसे आले की नाही एवढंच बघायचं असेल तर `EXISTS` वापरा, त्याने ओळी वाढत नाहीत.

सोसायटी_सेक्रेटरी
म्हणजे एंटरी दोनदा होतीच. मी काय सांगत होतो?

दांडियाबाजार
भाऊ, एकदाच होती, पैसे दोनदा आले होते.

मामांना सगळं वाचून दाखवलं. ‘जादा जोड्या’ त्यांना मान्य नाही. म्हणतात, 17 क्रमांकाच्या ओळी तिबार लिही, 52 क्रमांकाच्या दुबार, आणि ‘रकाना’ का लिहिलंस, ‘खाना’ म्हणायचं.

रावपुरा_जुना
खाना टेबलाचा नसतो, कपाटाचा असतो. मामांना इथे यायला सांगा.